हा तीव्र मध्यम कुठनं आला?

शनिवारची संध्याकाळ, बेळगावातला कॅम्प आणि बाहेर जुलैचा पाऊस. चर्चमध्ये दुसऱ्या दिवशीच्या उपासनेची तालीम चालली होती. पियानोवर विशीतली एक मुलगी होती. सरळ चार ओळींचं एक गीत, त्याला तिनं स्वतः कॉर्ड बसवून आणले होते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी येताना तिनं एक कॉर्ड वाजवला, आणि मागच्या बाकावरून खर्जात गाणारे एक काका थांबले. आठवडाभर भजनी मंडळात पेटी धरणारा माणूस. ते म्हणाले, "अगं पोरी, हा तीव्र मध्यम कुठनं आला मध्येच?" ती गोंधळली. "काका, तो डी सेव्हन आहे," एवढंच म्हणाली. काकांनी मान हलवली, तिनं तो कॉर्ड काढून टाकला, साधा सी मेजर वाजवला आणि तालीम पुढे गेली. पावसानं फुगलेली एक पट्टी मध्येच अडकत होती, लोक तिच्याबद्दलच जास्त बोलले.

मनात राहिला तो मात्र काकांचा प्रश्न. त्यांना कॉर्डचं नाव माहीत नव्हतं, पण स्वर अचूक सापडला होता. मुलीला कॉर्डचं नाव माहीत होतं, तो तिथे का बसत नाही ते सांगता आलं नाही. तिनं तो काढला ते बरोबर झालं का? कॉर्ड चुकीचा होता, की फक्त जागा चुकली होती?

आधी चाल समोर ठेवू. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचा सा, म्हणजे पियानोवरचा सी. चार मात्रांचे ठेके आणि प्रत्येक ओळ समेच्या आधीच्या एका स्वरावरून उचललेली. पहिली ओळ: सा, ग रे ग प, ध ध प. दुसरी: प, ध प म ग, रे. तिसरी: प, वरचा सां सां नी ध, प ध प. चौथी: प, म ग सा रे, सा. आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचा साधा साचा. दुसऱ्या ओळीतला शेवटचा रे तीन मात्रा लांब आहे. ही लांबी लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर येणार आहे. या चालीला सी, एफ आणि जी एवढ्या तीन कॉर्डांवर उभं करता येतं, आणि बरेच जण तसंच करतात. पण तीन ओळींनंतर हाताला कंटाळा येतो. मग पुस्तकातला सेकंडरी डॉमिनंट आठवतो.

त्यामागची कल्पना तुम्हाला हातानं आधीच माहीत आहे. जी सेव्हन वाजवून थांबलात तर कान सी मागतो. ही ओढ दोन स्वरांत असते. बी ला अर्ध्या स्वरानं वर सी कडे जायचं असतं आणि एफ ला अर्ध्या स्वरानं खाली ई कडे. आता हीच ओढ सी ऐवजी जी कडे लावायची. त्यासाठी जी चा स्वतःचा पाचवा कॉर्ड घ्यायचा, तो डी सेव्हन: डी, एफ शार्प, ए, सी. म्हणजे पाचव्याचा पाचवा. यात मूळ सप्तकाबाहेरचा स्वर एकच आहे, एफ शार्प. तोच काकांचा तीव्र मध्यम. त्याच्या जागी साधा एफ ठेवला तर कॉर्ड डी मायनर सेव्हन होतो. तो जी कडे जातो खरा, पण जायलाच हवं असं काही त्याला वाटत नाही. फरक ऐकायचा तर दोन्ही कॉर्ड एकामागून एक वाजवा, प्रत्येकावर थांबा आणि पुढचा स्वर गुणगुणून पाहा. एफ शार्पच्या वेळी गळा आपोआप जी वर जाऊन बसतो. साध्या एफ च्या वेळी तो कुठेही जाऊ शकतो.

इथल्या कानांना ही गोष्ट परकी नाही, फक्त तिची ओळख वेगळ्या दारानं झालेली आहे. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या भजनी मंडळातल्या माणसालाही दोन मध्यमांचा केदार कानावरून माहीत असतो. केदारात तीव्र मध्यम पंचमाकडे चढतो आणि उतरताना शुद्ध मध्यम येतो. एकाच रागात दोन्ही राहतात, पण वाटा वेगळ्या ठेवून. काकांचा आक्षेप तीव्र मध्यमावर नव्हताच, असं आता वाटतं. चालीतला शुद्ध मध्यम नुकताच गाऊन झालेला, आणि त्याच्याच पावलावर पियानोनं तीव्र मध्यम ठेवला, हे त्यांना खटकलं.

कारण मुलीनं नेमकं काय केलं होतं ते बघा. दुसऱ्या ओळीचा शेवट म, ग, रे असा आहे. म खाली तिनं जी सेव्हन वाजवला. त्यात शुद्ध म आहेच, आणि तो सगळ्यांच्या तोंडी वरच्या पट्टीत मोकळा ऐकू येतोय. लगेच पुढच्या मात्रेला, ग खाली, तिनं डी सेव्हन घेतला आणि डाव्या हातात एफ शार्प आला. वरचा आवाज एफ वरून ई वर उतरतोय आणि त्याच क्षणी खालचा आवाज म्हणतोय, "एफ नव्हे, एफ शार्प." एका आवाजातला स्वर दुसऱ्या आवाजानं लागलीच खोडून काढायचा, ही पाश्चात्त्य हार्मनीतही जुनी खटकणारी जागा आहे. त्यात भर म्हणजे ग हा स्वर डी सेव्हनमध्ये नाही. तो वर लोंबकळत राहतो. मुरलेला वादक त्या लोंबकळण्याचाही उपयोग करून घेतो, पण लोक गाताना तिथे त्यांचा ग डळमळतो. कोणी खाली सरकतं, कोणी वर. तालमीत ती गडबड ऐकू आली होती.

आणि तरीही कॉर्ड काढायची गरज नव्हती. तो फक्त एक मात्रा लवकर आला होता.

शेवटचा रे तीन मात्रा लांब आहे, आणि रे म्हणजे डी. तो डी सेव्हनमध्येही आहे आणि जी मेजरमध्येही. म्हणजे लोक एकच स्वर धरून उभे असताना खालचा कॉर्ड बदलता येतो, गाणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. ग खाली साधा सी मेजर ठेवा: डाव्या हातात सी आणि त्याच्या वरचा जी, उजव्यात मधला सी आणि चालीचा ई. मग रे च्या पहिल्या मात्रेला डी सेव्हन: खर्ज सी वरून डी वर चढतो, जी अर्धा स्वर उतरून एफ शार्प होतो, मधला सी जागचा हलत नाही, वर डी. यात ए नाही. नसला तरी चालतं, पाचवा स्वर गाळल्यानं या कॉर्डचं काही बिघडत नाही. दुसऱ्या मात्रेला जी मेजर: खर्ज खालच्या जी वर, एफ शार्प परत जी वर, मधला सी अर्धा स्वर उतरून बी वर, वरचा डी तसाच. आता फक्त मधले दोन आवाज मनात म्हणून बघा. एक जातो जी, एफ शार्प, जी. दुसरा जातो सी, सी, बी. सगळी ओढ या दोन अर्ध्या पावलांत आहे. बाकीचे स्वर साथीला आहेत. शुद्ध म आणि तीव्र म यांच्यामध्ये आता ग ची एक पूर्ण मात्रा आहे, सी मेजरनं झाकलेली. कानाला तेवढा वेळ पुरतो.

या दुरुस्तीनंतर दुसरी ओळ चांगली लागते. पण याच चालीत डी सेव्हनची खरी जागा दुसरीच आहे, आणि ती शोधायची रीत अगदी साधी आहे. कुठलाही कॉर्ड हातात घेण्याआधी चाल ओळीओळीनं वाचायची आणि प्रत्येक ओळीत म कुठे आहे तेवढं बघायचं. पहिल्या ओळीत म नाही, पण ती ओळ घर सांगणारी आहे, तिथे पाचव्याकडे ओढायची घाई नको. दुसरीत म आहे. चौथीत आहे, तोही समेवर. तिसऱ्या ओळीत म औषधालासुद्धा नाही. शिवाय तिचा शेवट प ध प. ध म्हणजे ए, तो डी सेव्हनमध्ये आहे. प म्हणजे जी, तिथे जी मेजर. आणि ध दुसऱ्या, कमी वजनाच्या मात्रेवर आहे, प तिसऱ्या, जड मात्रेवर. ओढ हलक्या मात्रेवर आणि पोचणं जड मात्रेवर. चालीनं स्वतःच जागा करून ठेवली आहे.

मात्र तिथे एक खड्डा आहे, आणि मध्यम पातळीवरचा जवळजवळ प्रत्येक वादक त्यात पहिल्यांदा पाय घालतो. पहिल्या प खाली सी मेजर घेऊन खर्जात सी ठेवला आणि पुढे डी सेव्हनसाठी खर्जात डी घेतला, तर काय होतं? वर चाल जी वरून ए वर गेली, खाली खर्ज सी वरून डी वर गेला. सी आणि जी मध्ये पाचाचं अंतर होतं, डी आणि ए मध्येही पाचाचंच आहे, आणि दोन्ही आवाज एकाच दिशेनं तेवढंच सरकले. ऐकायला तो सगळा घास पोकळ होतो. दोन आवाज वेगळे न राहता एकमेकांची सावली होतात, आणि नेमकं जिथे रंग यायला हवा तिथे दगडासारखा धक्का बसतो. "डी सेव्हन घेतला पण कडक वाजला" अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुतेक वेळा कॉर्डाचा नसून या खर्जाचा असतो. तपासायचं तर फक्त चाल आणि खर्ज, दोनच आवाज वाजवा. मधले स्वर काढले की खड्डा उघडा पडतो.

यातून निघायला खर्ज ई वरून सुरू करायचा. डावा हात मधल्या सी च्या खालच्या ई वर करंगळी आणि मधल्या सी वर अंगठा ठेवून उभा. उजव्या हातात ई आणि वरचा जी. हा सी मेजरच, फक्त ई खाली असलेला. आता ध ची मात्रा: करंगळी ई वरून एफ शार्पवर चढते, अंगठा सी वरच राहतो. उजव्या हातातला ई एक स्वर उतरून डी होतो, चाल ए वर. मग शेवटचा प: करंगळी एफ शार्पवरून जी वर, अंगठा सी वरून बी वर, उजवीकडे डी तसाच, चाल परत जी वर. डाव्या हाताकडे बघत हे तीन कॉर्ड सावकाश वाजवले तर ओढ डोळ्यांनाही दिसते. करंगळी आणि अंगठा एकमेकांकडे सरकत येतात, एफ शार्प ते सी या ताणलेल्या अंतरातून जी ते बी या शांत अंतरात. चालही ए वरून जी वर उतरून तिथेच येते. पाचाचं अंतर राखून कुठलेच दोन आवाज एकमेकांची नक्कल करत नाहीत.

एवढं बसवल्यावर आधीच्या कॉर्डाकडेही एकदा बघायला हवं. तिसऱ्या ओळीत सां सां नी नंतर जो पहिला ध येतो, त्याच्याखाली सवयीनं एफ मेजर पडतो. चालीत म नव्हता, पण हा कॉर्ड तो खर्जात घेऊन येतो, आणि दोनच मात्रांनी आपण एफ शार्प वाजवणार आहोत. म्हणजे जो भांडखोर आपण चालीतून टाळला तो साथीतून आत आला. तिथे ए मायनर ठेवा. ध त्यातही आहे. हे सहज विसरतं, कारण लक्ष सगळं डी सेव्हनवर असतं. सेकंडरी डॉमिनंट बसवताना त्याच्या आधीच्या दोन मात्रा आणि नंतरची एक, एवढी लांबी एकत्र वाजवून ऐकावी. एकटा कॉर्ड ऐकून काही कळत नाही.

नंतरची मात्रा चौथ्या ओळीची. तिथे प वरून उठल्यावर लगेच म येतो, समेवर, सगळ्या मंडळीच्या तोंडात. हे फार चांगलं आहे. एफ शार्पचं काम जी वर पोचल्यावर संपलेलं असतं, आणि आता चाल स्वतः शुद्ध म गाऊन सांगते की आपण घरीच आहोत. त्या म खाली डी मायनर ठेवला, खर्जात डी, तर तो म भरून वाजतो. काही जण तिसऱ्या ओळीच्या शेवटी डी सेव्हन, जी, परत डी सेव्हन, परत जी असं करत राहतात आणि मग चौथी ओळ उपऱ्यासारखी ऐकू येते. जी कडे एकदाच बोट दाखवायचं, तिथे बिऱ्हाड करायचं नाही. आपल्याकडे घरी पाहुणा आला की "बर्री, बर्री" म्हणून आत घेतात आणि पुढचं सगळं मराठीत बोलतात, एका कानडी शब्दानं बोलणं कानडी होत नाही. तेवढाच एफ शार्प.

गाणारी मंडळी मात्र हा हिशोब करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त बिघाड तिथूनच होतो. आपल्या मंडळ्यांत चार आवाजांत लिहून गाणारे थोडे. बाकीचे चाल गातात, आणि ज्यांचा कान बरा आहे अशा दोन-तीन बाया आपसूक चालीच्या खालचा तिसरा स्वर धरतात. प ला खाली ग, ध ला खाली म. शुद्ध म. पियानोवर एफ शार्प आणि शेजारच्या बाकावरून मोठ्यानं एफ. वादकाला वाटतं आपला कॉर्ड चुकला, बाईंना वाटतं आपला गळा चुकला, आणि दोघंही घाबरून आवाज बारीक करतात. चुकलं कोणाचंच नाही. तालमीत तेवढ्या एका जागी त्यांना सांगायचं की ध च्या वेळी खाली म नको, रे वर या. म्हणजे ग वरून रे, आणि तिथेच थांबा. वर सांगितलेल्या मांडणीत उजव्या हाताचा खालचा आवाज नेमका हाच आहे: ई, डी, डी. एकदा पियानोवर तो एकटा वाजवून दाखवला की त्यांना पुढे काही सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण पेटीची. पुष्कळ मंडळ्यांत पियानो किंवा कीबोर्डच्या जोडीला पेटी असते आणि पेटीवाला सवयीनं सा चा आस धरून ठेवतो. डी सेव्हनला तो आस चालतो, कारण सी त्या कॉर्डातलाच स्वर आहे. पण पुढे जी मेजर आला की मधला सी बी वर उतरायला हवा, आणि पेटीतला सी हटत नाही. ओढ सुटतच नाही. त्या दोन मात्रा आस उचलायला सांगावा. ए सेव्हनच्या बाबतीत तर आस असेल तर तो कॉर्ड घेऊच नये. त्यात सी शार्प आहे आणि वरून सी चा धागा, अर्ध्या स्वराचं घर्षण शेवटपर्यंत कानात राहतं.

ए सेव्हनचा विषय निघालाच आहे म्हणून बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सरगमेत लक्षात ठेवलं तर पट्टी बदलली तरी हात अडत नाही, आणि आपल्याकडे पट्टी दर रविवारी बदलते. रे वर डॉमिनंट बांधला की तीव्र म येतो आणि तो प कडे चढतो. ध वर बांधला की सा थोडा चढून रे कडे जातो. ग वर बांधला की प थोडा चढून ध कडे जातो. आणि सा वरच बांधला, म्हणजे सी सेव्हन, की कोमल नी येतो. हा एकच वेगळा आहे: बाहेरून आलेला स्वर इथे चढत नाही, उतरतो, ध कडे. खमाजात कोमल नी उतरताना येतो, त्याची आठवण ठेवली की दिशा चुकत नाही. आपल्या चालीत पहिल्या ओळीत प वरून ध वर जाताना तो बसतो: खर्जात ई, वर मध्ये बी फ्लॅट, मग एफ मेजर, ई चढून एफ आणि बी फ्लॅट उतरून ए. पण पहिल्या कडव्यात तो घेऊ नये. लोकांना अजून सा पक्का लागलेला नसतो, आणि सी सेव्हन त्यांना सांगतो की सा हे घर नाही. शेवटच्या कडव्यात घ्या, तेव्हा तो ऊब देतो.

ग वरच्या ई सेव्हनला जागा तिसऱ्या ओळीत आहे, नी ध वर. नी म्हणजे बी तो ई सेव्हनमधलाच, आणि ध खाली ए मायनर आपण आधीच ठेवला आहे. सुरेख बसतो, पण जड वाजतो. गीतात दुःखाचं किंवा पश्चात्तापाचं कडवं असेल तर तेवढ्यापुरता. त्याच ओळीत पुढे डी सेव्हनही घेतला तर ओळ दोन दिशांना ताणली जाते. एका ओळीत एकच, हा माझा हट्ट आहे आणि तो सोडावासा वाटत नाही. ध वरच्या ए सेव्हनला या चालीत जागाच नाही. चौथ्या ओळीत ग खाली तो घ्यावासा वाटतो, कारण ई त्यात आहे. पण ग नंतर चाल सरळ सा वर जाते, आणि सी शार्पच्या डोक्यावर सी येऊन पडतो. दुसऱ्या ओळीतलीच चूक, वेगळ्या कपड्यात.

आणि काही गीतांना यातलं काहीच लावू नये. नारायण वामन टिळकांपासून मराठी ख्रिस्ती गीतांत अभंग आणि भजनाचा जो प्रवाह आला, त्यातल्या चाली रागाच्या अंगानं चालतात. भीमपलासीच्या वळणाच्या चालीत कोमल ग आणि कोमल नी चालीतच असतात. तिथे डी सेव्हन म्हणजे चालीशी भांडण. भूपाच्या वळणाच्या चालीत म आणि नी दोन्ही नसतात, म्हणून एफ शार्पला तिथे अडवणारं कोणी नाही असं वाटतं. कागदावर ते खरं आहे. पण भूपाचा मोकळेपणा म नसण्यातच असतो, आणि साथीनं तीव्र म आणला की ऐकणारा यमनाच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. अशा ठिकाणी सा आणि प धरून ठेवणं पुरतं. वर घेतलेल्या चालीसारखी, शुद्ध स्वरांची, अक्षराला एक स्वर अशी सरळ चाल असेल तेव्हाच हा खटाटोप.

पुढच्या शनिवारी पाऊस तसाच होता, अडकणारी पट्टीही तशीच. मुलीनं दुसऱ्या ओळीत साधा सी मेजर आणि जी मेजर ठेवला होता. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिनं खर्ज ई वरून सुरू केला. खर्जात गाणारे काका पियानोच्या डाव्या हाताच्या मागे मागे जातात, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशीही ते तसेच गेले: ग, तीव्र म, प. यमन शिकणाऱ्याच्या गळ्यात पहिल्या महिन्यात बसणारी सुरावट. पंचमावर पोचल्यावर त्यांनी मान वर करून पियानोकडे पाहिलं, आणि पोरीला म्हणाले, "ते परत एकदा घे की."

तिनं तिसरी ओळ पुन्हा सुरू केली.